दोन पातळ भिंगांमध्ये अंतर असताना परिणामी नाभीय अंतर आणि प्रमुख प्रतले कशी शोधावीत

एकच पातळ भिंग असते तेव्हा वस्तूचे अंतर, प्रतिमेचे अंतर आणि नाभीय अंतर ही तिन्ही अंतरे भिंगाच्या मध्यापासून मोजली जातात आणि कोठून मोजायचे असा प्रश्नच पडत नाही. दोन भिंगे एकाच अक्षावर काही अंतर सोडून ठेवली की हा प्रश्न उभा राहतो. जोडीचे परिणामी नाभीय अंतर २० सेंमी आहे असे सूत्राने सांगितले, तरी ते २० सेंमी पहिल्या भिंगापासून धरायचे, दुसऱ्यापासून धरायचे की दोहोंच्या मधल्या बिंदूपासून, हे त्या संख्येवरून कळत नाही. बहुतेक वेळा या तिन्ही जागा चुकीच्या असतात. अंतरे जेथून मोजली असता एका भिंगाचे नेहमीचे सूत्र जोडीलाही जसेच्या तसे लागू पडते, त्या दोन जागा म्हणजे जोडीची प्रमुख प्रतले होत. ही कल्पना गाउसने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे. पहिले भिंग बहिर्वक्र असून त्याचे नाभीय अंतर f₁ = +१० सेंमी आहे, दुसरे अंतर्वक्र असून f₂ = −१० सेंमी आहे आणि दोहोंमधील अंतर d = ५ सेंमी आहे. ही जोडी मुद्दाम निवडली आहे. हीच भिंगे एकमेकांना चिकटवून ठेवली तर त्यांच्या शक्ती परस्परांना रद्द करतात आणि जोडी साध्या काचेसारखी वागते, पण ५ सेंमी अंतर सोडताच तीच जोडी प्रकाश एकत्र आणू लागते. शिवाय हिची दोन्ही प्रमुख प्रतले भिंगांच्या बाहेर पडतात, त्यामुळे "प्रतल दोन भिंगांच्या मध्येच असणार" ही समजूत सुरुवातीलाच दूर होते.

चिन्हे आणि एकच नियम

प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो असे माना. पहिले भिंग ० सेंमी या खुणेवर आणि दुसरे ५ सेंमी या खुणेवर ठेवा. उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण, अक्षाच्या वरची उंची धन. सर्व जागा या एकाच पट्टीवर लिहायच्या हे ठरवून घ्या, कारण या विषयात होणाऱ्या बहुतेक चुका गणिताच्या नसतात. एक अंतर पहिल्या भिंगापासून आणि दुसरे अंतर दुसऱ्या भिंगापासून मोजून ती दोन्ही एकाच सूत्रात घातल्यामुळे त्या होतात.

किरणाची वाट काढण्यासाठी एकच नियम पुरतो. पातळ भिंगातून जाताना किरणाची उंची बदलत नाही, फक्त उतार बदलतो, आणि नवा उतार म्हणजे जुन्या उतारातून "उंची भागिले नाभीय अंतर" इतकी राशी वजा केलेली असते. अंतर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर ऋण असल्यामुळे तेथे ही वजाबाकी आपोआप बेरीज होते आणि वेगळा नियम लक्षात ठेवावा लागत नाही.

डावीकडून येणारा समांतर किरण

अक्षाला समांतर आणि अक्षापासून १ सेंमी उंचीवर असलेला किरण पहिल्या भिंगावर येऊ द्या. येताना त्याचा उतार शून्य आहे. पहिल्या भिंगानंतर तो ० − १/१० = −०.१ होतो, म्हणजे किरण दर सेंटिमीटरला ०.१ सेंमी खाली उतरू लागतो. ५ सेंमी पुढे दुसऱ्या भिंगावर पोचेपर्यंत त्याची उंची १ − ०.५ = ०.५ सेंमी उरते. तेथे नवा उतार −०.१ − ०.५/(−१०) = −०.०५ होतो. ०.५ सेंमी उंचीवरून दर सेंटिमीटरला ०.०५ सेंमी उतरणारा किरण आणखी १० सेंमी पुढे अक्षाला छेदतो. म्हणून जोडीची मागची नाभी दुसऱ्या भिंगापासून १० सेंमी उजवीकडे, म्हणजे पट्टीवर १५ सेंमीच्या खुणेवर येते.

हे १० सेंमी म्हणजे जोडीचे नाभीय अंतर नव्हे, आणि नवशिक्याने येथे थोडे थांबावे. परिणामी नाभीय अंतराची व्याख्या अशी: जोडी बाजूला काढून तिच्या जागी एकच पातळ भिंग ठेवले, आणि १ सेंमी उंचीवरचा तोच किरण त्या भिंगातून −०.०५ याच उताराने बाहेर पडावा अशी अट घातली, तर त्या भिंगाचे नाभीय अंतर किती असावे लागेल? उत्तर आहे १/०.०५ = २० सेंमी. ते एकटे भिंग कोठे ठेवावे लागेल, हे बाहेर पडणारा किरण मागे वाढवून कळते. १५ सेंमीच्या खुणेपासून २० सेंमी डावीकडे गेले की त्या रेषेची उंची पुन्हा बरोबर १ सेंमी होते. ती जागा −५ सेंमी आहे, म्हणजे पहिल्या भिंगाच्याही ५ सेंमी अलीकडे. हे दुसरे प्रमुख प्रतल, त्याला H′ म्हणू. तेथे प्रत्यक्षात काहीच नसते आणि किरणही तेथे वळत नाही. पण जोडीच्या उजवीकडे उभे राहून पाहिले, तर बाहेर येणारा प्रकाश त्या प्रतलात वळल्यासारखा दिसतो.

लांब नाभीय अंतराची कॅमेराभिंगे आपल्या नाभीय अंतरापेक्षा आखूड बनवता येतात ती याच युक्तीने. येथे पहिल्या भिंगापासून नाभीपर्यंतची एकूण लांबी १५ सेंमी आहे, तर दूरच्या वस्तूच्या प्रतिमेचा आकार मात्र २० सेंमी नाभीय अंतराच्या भिंगातून मिळावा तेवढा असतो.

उजवीकडून येणारा समांतर किरण

पहिले प्रमुख प्रतल H शोधण्यासाठी प्रकाश उलट दिशेने सोडावा. चिन्हांचा गोंधळ टाळायचा असेल तर कागद फिरवून अंतर्वक्र भिंग आधी आले आहे असे समजून तेच गणित पुन्हा करावे. १ सेंमी उंचीवरचा समांतर किरण अंतर्वक्र भिंगातून +०.१ उताराने बाहेर पडतो, म्हणजे अक्षापासून दूर जातो. ५ सेंमी पुढे बहिर्वक्र भिंगावर त्याची उंची १.५ सेंमी झालेली असते आणि तेथे उतार ०.१ − १.५/१० = −०.०५ होतो. १.५ भागिले ०.०५ म्हणजे ३० सेंमी पुढे किरण अक्षाला मिळतो. मूळ पट्टीवर ही पुढची नाभी −३० सेंमीवर येते. नाभीय अंतर पुन्हा २० सेंमीच निघाले, आणि ते तसे निघायलाच हवे, कारण जोडीच्या दोन्ही बाजूंना हवाच आहे. ते वेगळे आले तर आकडेमोड तपासावी. नाभीपासून २० सेंमी मागे आल्यावर H मिळते, पट्टीवर −१० सेंमीवर.

म्हणजे दोन्ही प्रमुख प्रतले पहिल्या भिंगाच्या डावीकडे गेली, H −१० वर आणि H′ −५ वर.

सूत्रे

हेच गणित आकड्यांऐवजी अक्षरांनी केले, तर सुरुवातीची उंची h असताना दुसऱ्या भिंगावरील उंची h(1 − d/f₁) येते आणि अखेरच्या उतारावरून पुढील संबंध मिळतात:

1/f = 1/f₁ + 1/f₂ − d/(f₁f₂)

दुसऱ्या भिंगापासून मागच्या नाभीपर्यंतचे अंतर = f(1 − d/f₁)

पहिल्या भिंगापासून H ची जागा = + f·d/f₂

दुसऱ्या भिंगापासून H′ ची जागा = − f·d/f₁

शेवटच्या दोन ओळींत धन म्हणजे उजवीकडे. आपल्या उदाहरणात 1/f = ०.१ − ०.१ + ०.०५, म्हणजे f = २० सेंमी. H पहिल्या भिंगापासून २० × ५/(−१०) = −१० सेंमीवर आणि H′ दुसऱ्या भिंगापासून −२० × ५/१० = −१० सेंमीवर, म्हणजे पट्टीवर −५ वर येते. पुस्तकागणिक या सूत्रांतील चिन्हे वेगळी दिसतात, कारण चिन्हसंकेत वेगळे असतात. सूत्र पाठ करण्यापेक्षा वर काढलेले दोन किरण काढता येणे जास्त भरवशाचे आहे, आणि सूत्राने आलेले उत्तर त्या किरणांशी जुळते का हे पाहायला दोन मिनिटे पुरतात.

प्रतले बरोबर आहेत याची खात्री

एक वस्तू −५० सेंमीच्या खुणेवर ठेवा. आधी भिंगे एकामागून एक घेऊ. पहिल्या भिंगासाठी वस्तू ५० सेंमी दूर आहे, म्हणून प्रतिमा १२.५ सेंमीवर होऊ पाहते आणि तिचे विशालन −०.२५ असते. पण वाटेत ५ सेंमीवर दुसरे भिंग आहे, त्यामुळे त्याच्यासाठी ही प्रतिमा ७.५ सेंमी उजवीकडे असलेली आभासी वस्तू ठरते. 1/v = १/७.५ − १/१० यावरून v = ३० सेंमी, आणि दुसऱ्या भिंगाचे विशालन ३०/७.५ = ४. अखेरची प्रतिमा पट्टीवर ३५ सेंमीवर, उलटी आणि वस्तूएवढीच, कारण −०.२५ × ४ = −१.

आता हेच प्रमुख प्रतलांवरून करू. वस्तू H पासून ४० सेंमी दूर आहे, म्हणजे बरोबर 2f वर, म्हणून प्रतिमाही H′ पासून ४० सेंमीवर असली पाहिजे आणि वस्तूएवढीच असली पाहिजे. −५ मध्ये ४० मिळवले की ३५. दोन्ही वाटा एकाच खुणेवर येतात.

याच ठिकाणी एक फसवा योगायोग पाहून ठेवावा. समजा कोणी प्रतले विसरून सर्व अंतरे दोन भिंगांच्या मधल्या बिंदूपासून, म्हणजे २.५ सेंमीच्या खुणेपासून मोजली. वस्तूचे अंतर ५२.५ सेंमी होईल, f = २० सेंमी धरून प्रतिमेचे अंतर सुमारे ३२.३ सेंमी येईल आणि प्रतिमा ३४.८ सेंमीवर असल्याचे उत्तर मिळेल. खऱ्या जागेपासून हा फरक जेमतेम २ मिलिमीटर आहे आणि बेंचवर तो कोणी मनावरही घेणार नाही. पण त्या हिशेबाने विशालन सुमारे ०.६२ येते, प्रत्यक्षात ते १ आहे. १० मिलिमीटरची खूण पडद्यावर १० मिलिमीटरच दिसेल आणि हिशेब ६ मिलिमीटर सांगेल. म्हणून नुसती प्रतिमेची जागा जुळली म्हणजे प्रतले बरोबर आली असे मानू नये. प्रतिमेचा आकारही मोजावा.

बेंचवर मोजणी

बेंचवर काम करताना f₁, f₂ आणि d यांच्यावर विसंबून न राहता जोडीचे नाभीय अंतर थेट मोजता येते, आणि त्यासाठी प्रतले आधी माहीत असण्याची गरज नसते. प्रतिमेचे H′ पासूनचे अंतर v = f(1 + |m|) असते, येथे |m| म्हणजे उलट्या वास्तव प्रतिमेच्या विशालनाचे मूल्य. वस्तूच्या दोन वेगवेगळ्या जागांसाठी हा संबंध लिहून वजाबाकी केली की H′ ची अज्ञात जागा निघून जाते आणि उरते ते असे:

f = पडद्याचे सरकणे ÷ |m| मधील फरक

वस्तू म्हणून मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी घ्यावी आणि तिच्या मागे दिवा ठेवावा. भिंगांची जोडी बेंचवर पक्की करावी आणि प्रयोग संपेपर्यंत तिला हात लावू नये, फक्त वस्तू आणि पडदा हलवावा. आपल्या जोडीसाठी वस्तू −५० वर असताना पडदा ३५ वर येतो आणि |m| = १ मिळते. वस्तू −४० वर आणली की पडदा ५५ वर न्यावा लागतो आणि |m| = २ होते. पडदा २० सेंमी सरकला, विशालन १ ने वाढले, म्हणून f = २०/१ = २० सेंमी. स्टँडची खूण आणि त्यावरील पडद्याचा प्रत्यक्ष पृष्ठभाग यांत थोडा फरक असला तरी तो दोन्ही वाचनांत सारखाच असतो, म्हणून या वजाबाकीत तो निघून जातो. जोडी जागची हलवू नये असे म्हटले ते मात्र H′ ची जागा दोन्ही वाचनांत तीच राहावी यासाठी.

f कळल्यावर प्रतले काढणे सोपे आहे. पहिल्या वाचनात प्रतिमा H′ पासून f(1 + |m|) = ४० सेंमीवर आहे, म्हणून H′ = ३५ − ४० = −५. वस्तू H पासून f(1 + 1/|m|) = ४० सेंमीवर आहे, म्हणून H = −५० + ४० = −१०. दुसऱ्या वाचनानेही हेच आले पाहिजे: ५५ − ६० = −५ आणि −४० + ३० = −१०. येथे मात्र वजाबाकीचा आधार नसतो, त्यामुळे स्टँडच्या खुणेचा फरक आधी मोजून तो वाचनात धरावा लागतो.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे विशालनाची मोजणी. दुसऱ्या वाचनात १० मिलिमीटरच्या खुणेची प्रतिमा २० ऐवजी १९ मिलिमीटर मोजली गेली, तर |m| मधील फरक ०.९ होतो आणि f २२.२ सेंमी येते. एका मिलिमीटरच्या चुकीने दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला. उपाय असा की |m| चे एकच वाचन न घेता पाच-सहा जागी वाचने घ्यावीत, |m| आडव्या अक्षावर आणि पडद्याची जागा उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. आलेख सरळ रेषा आला पाहिजे. तिचा उतार म्हणजे f. ती रेषा |m| = −१ पर्यंत मागे वाढवली की उभ्या अक्षावर थेट H′ ची जागा वाचता येते, कारण तेथे f(1 + |m|) शून्य होते. विशालन ऋण घेण्याला येथे भौतिक अर्थ शोधू नये. ती फक्त रेषा वाढवण्याची सोय आहे. बिंदू सरळ रेषेत येत नसतील तर बहुधा वाचने घेताना जोडी हललेली असते किंवा भिंगांचे अक्ष एका रेषेत नसतात.

जोडी पुढे-मागे सरकवता आणि उभ्या अक्षाभोवती फिरवता येणारी नोडल स्लाइड उपलब्ध असेल तर H′ आणखी एका मार्गाने सापडते. समांतर प्रकाश जोडीवर पाडून जोडी एका उभ्या अक्षाभोवती थोडी डावी-उजवीकडे फिरवली असता, तो अक्ष H′ मधून जात असेल तरच पडद्यावरील प्रतिमा जागची हलत नाही. ज्या दोन बिंदूंपैकी एकाकडे येणारा किरण दुसऱ्यातून त्याच दिशेने बाहेर पडतो ते नोडल बिंदू. दोन्ही बाजूंना हवा असल्यामुळे ते प्रमुख प्रतलांवरच असतात, म्हणून हे शक्य होते. आपल्या जोडीत मात्र फिरण्याचा अक्ष पहिल्या भिंगाच्या ५ सेंमी पुढे, मोकळ्या हवेत घ्यावा लागतो. स्लाइडचा प्रवास तेवढा नसेल तर प्रतिमा कोठेच स्थिर होत नाही आणि उपकरण बिघडले आहे असा समज होतो. उपकरणाला दोष देण्याआधी प्रतल कोठे अपेक्षित आहे ते गणिताने काढून पाहावे.

अंतर d किती नेमके हवे

या जोडीत f = १००/d सेंमी येते, त्यामुळे सारे काही d वर अवलंबून आहे. d = २ सेंमी असताना f = ५० सेंमी, ५ असताना २० आणि ८ असताना १२.५. d ५ वरून ५.१ सेंमी झाले, तर f १९.६ सेंमीवर येते आणि दुसऱ्या भिंगापासून नाभीचे अंतर १० वरून सुमारे ९.६ सेंमी होते. भिंगांमधील अंतरातील एक मिलिमीटरची चूक दुसऱ्या भिंगापासून नाभीच्या अंतरात चार मिलिमीटर होऊन दिसते. d १० सेंमी झाले की नाभी दुसऱ्या भिंगावरच येते, आणि त्याहून जास्त अंतर ठेवले तर प्रकाश अंतर्वक्र भिंगावर पोचण्याआधीच एकत्र येऊन पुन्हा पसरू लागलेला असतो, त्यामुळे मागे पडद्यावर समांतर प्रकाशाची प्रतिमा मिळत नाही.

म्हणून d भिंगाच्या कडांपासून किंवा चौकटींपासून मोजू नये, तर भिंगाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे. तरीही खऱ्या भिंगाला जाडी असतेच. १.५ अपवर्तनांकाच्या काचेच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या फुगीर भिंगाची स्वतःची दोन प्रमुख प्रतले एकमेकांपासून जाडीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर असतात. ५ मिलिमीटर जाडीच्या भिंगात हे सुमारे १.७ मिलिमीटर होते. गणित आणि मोजणी यांत काही मिलिमीटरांचा फरक राहिला तर तो येथून आलेला असू शकतो, आणि d = ५ सेंमी असताना तेवढा फरक मान्य करावा. याशिवाय वरचे सर्व गणित अक्षाजवळच्या किरणांसाठी आहे. प्रतिमेच्या कडा धूसर दिसत असतील तर पहिल्या भिंगासमोर लहान छिद्राचा पुठ्ठा ठेवावा, आणि कडांना रंग दिसत असतील तर दिव्यासमोर एका रंगाचा फिल्टर लावावा.

जोडी उलटी करून पाहावी

मोजणीची सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे संपूर्ण जोडी, d न बदलता, टोकाकडून टोकाकडे फिरवणे. आता अंतर्वक्र भिंग वस्तूच्या बाजूला येते. दुसऱ्या भिंगापासून मागच्या नाभीपर्यंतचे अंतर १० ऐवजी २० × (१ + ०.५) = ३० सेंमी होते, म्हणजे नाभीय अंतराहूनही मोठे. भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आरशासारखी एखादी वस्तू बसवायला जागा हवी असते, तेव्हा भिंगे याच क्रमाने मांडतात. प्रमुख प्रतलेही आता दोन्ही भिंगांच्या उजवीकडे गेलेली असतात. पडद्याचे सरकणे आणि |m| यांवरून काढलेले f मात्र पुन्हा २० सेंमीच आले पाहिजे. नाभीची जागा २० सेंमीने बदलली आणि f बदलले नाही, तर दोन्ही मोजण्या बरोबर आहेत. f बदलले, तर जोडी फिरवताना d सरकले आहे का ते आधी तपासावे.